मशरूमला पाणी सुटतं, मग ते जातं कुठे?

थंडी पडली की इंदूरच्या भाजीच्या ठेल्यांवर मटार, मेथी आणि गाजरांच्या शेजारी पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं दिसायला लागतात. २०० ग्रॅमचं पाकीट आणि आत पांढरी बटण मशरूम. आमच्या पिढीतल्या मराठी घरांमध्ये अळंबी हा रोजचा जिन्नस नव्हता. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात तर ती कधी आलीच नाही. त्यामुळे वांगं कसं परतायचं हे जसं बघून बघून हाताला कळतं, तसं मशरूमचं कोणी कोणाला शिकवलेलं नाही.

माझ्या धाकट्या जाऊबाई टिळकनगरात राहतात. परवा त्यांच्याकडे जेवायला गेले तर त्या कढईसमोर हवालदिल होऊन उभ्या होत्या. दोन पाकिटं मशरूम चिरून तेलात टाकली होती आणि कढईत वाटीभर करडं पाणी साचलं होतं. त्यात फोडी पोहत होत्या. "वहिनी, मी थेंबभरसुद्धा पाणी घातलं नाही हो. धुवून नीट निथळूनही घेतली होती. मग हे आलं कुठून?" जेवताना फोडी दाताखाली कुरकुर करत होत्या, रबरासारख्या. मुलांनी त्या ताटाच्या कडेला सारल्या.

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर एकदा समजलं की पुढचं बरंचसं आपोआप जमतं. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

## पाणी बाहेरून आलेलं नाही

बटण मशरूममध्ये वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असतं. म्हणजे २०० ग्रॅमच्या पाकिटात १८० ग्रॅमहून जास्त पाणीच आहे. दुधात पाण्याचं प्रमाण यापेक्षा कमी असतं. हातात घेतल्यावर मशरूम कोरडं आणि हलकं लागतं, म्हणून हे खरं वाटत नाही.

ते हलकं लागतं कारण आत पोकळी भरपूर आहे. मशरूम हे बारीक बारीक तंतूंचं विणलेलं असतं आणि त्या तंतूंच्या मधे हवा असते. धुनकलेल्या कापसाची गादी डोळ्यासमोर आणा. फरक इतकाच की इथला प्रत्येक तंतू पाण्याने भरलेला आहे. टोमॅटोला जशी साल असते तशी मशरूमला नसते. आच लागली की तंतू फुटतात, मधली हवा निघून जाते, सगळी वीण खाली बसते आणि पाणी बाहेर येतं. ढीगभर मशरूमची मूठभर भाजी होते ती यामुळे.

म्हणजे पाणी सुटणं ही चूक नाही. ते सुटणारच, कोणाच्याही हातून सुटणार. ते कढईत साचून राहतं की वाफ होऊन निघून जातं, एवढंच आपल्या हातात असतं.

## ओलं आहे तोवर तांबूस होणार नाही

शेंगदाणे उकडले की पांढरट, गोडूस लागतात आणि भाजले की खमंग होतात. दाणे तेच असतात. कितीही तास उकडले तरी उकडलेल्या दाण्याला भाजल्याची चव येत नाही. पदार्थातले प्रथिनांचे घटक आणि साखर जोरदार उष्णतेत एकमेकांशी मिळून तांबूस रंग आणि तो खमंग वास तयार करतात. पोळीवरचे डाग, भाजलेला रवा, कांद्याचा लालसरपणा, हे सगळं त्यातूनच येतं. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला मायार अभिक्रिया म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं तांबूस होणं म्हणेन.

हे तांबूस होणं साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेगाने होतं. आणि पाणी? इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. जोवर फोडीच्या अंगावर पाणी आहे, तोवर तिचं तापमान त्याच्या वर जात नाही. आच कितीही मोठी करा, ती सगळी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते.

इस्त्रीचं उदाहरण घ्या. ओलसर सुती सदऱ्यावर गरम इस्त्री फिरवली तर वाफ येते, कापड जळत नाही. तीच इस्त्री कोरड्या कापडावर ठेवून विसरलात तर तपकिरी डाग उमटतो. इस्त्री तेवढीच तापलेली होती, फक्त मधलं पाणी संपलं होतं. मशरूमच्या बाबतीत आपल्याला नेमका तोच डाग हवा आहे, बेताचा.

## पाणी घालवायला किती वेळ लागतो, ते मोजून पाहा

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नळाचं गार पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून पूर्ण उडवायला लागते. चहाचं आधण पटकन येतं पण बासुंदी आटायला तासभर उभं राहावं लागतं, त्याचं कारण हेच.

तुमच्या शेगडीचा वेग तुम्ही घरी मोजू शकता. मी मोजला. तव्यासारख्या पसरट भांड्यात २०० ग्रॅम पाणी घेतलं, मोठ्या आचेवर उकळी आणली आणि तिथून घड्याळ लावलं. भांडं कोरडं व्हायला सुमारे ८ मिनिटं लागली. म्हणजे माझी शेगडी मिनिटाला साधारण २५ ग्रॅम पाणी उडवते.

आता जाऊबाईंच्या कढईचा हिशोब करू. दोन पाकिटं म्हणजे ४०० ग्रॅम मशरूम. भाजताना मशरूमचं वजन जवळजवळ निम्मं होतं, म्हणजे २०० ग्रॅम पाणी बाहेर पडणार. ते सगळं उडायला, फोडी तापायचा वेळ सोडून, किमान ८ मिनिटं मोठी आच हवी. त्यांनी आच मध्यम ठेवली होती आणि मधे पाच मिनिटं झाकणही ठेवलं होतं. वाफ झाकणाला लागून परत खाली ठिबकत होती. अशाने ते पाणी संपणार कधी? फोडी आपल्याच पाण्यात उकडत राहिल्या आणि पाव तासाने "शिजल्या असतील" म्हणून गॅस बंद झाला.

## रबर हा मधला टप्पा आहे

"जास्त शिजल्यामुळे रबर झाली असतील," असं जाऊबाईंना वाटत होतं. कोळंबीचा अनुभव असलेल्या कोणालाही तसंच वाटेल. मशरूमचं उलट आहे.

भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा पदार्थ आचेने विरघळतो, म्हणून दुधी किंवा भोपळा शिजून शेवटी गाळ होतो. मांसातली प्रथिनं आचेने आवळतात, म्हणून कोळंबी दोन मिनिटं जास्त राहिली की चिवट होते. मशरूमच्या तंतूंच्या भिंती कायटिनच्या असतात. कोळंबीच्या कवचात असतो तोच हा पदार्थ. ते कवच कितीही उकळलं तरी विरघळत नाही आणि आणखी आवळतही नाही. त्यामुळे मशरूम पाच मिनिटं वाफवा की चाळीस मिनिटं, चावायला फारसा फरक पडत नाही. स्वयंपाकघरात इतकी सोशीक वस्तू क्वचितच मिळते.

मग रबर का होतं? कच्च्या मशरूममधली हवा निघून गेली की वीण दाट होते, पण तिच्यात पाणी अजून पुष्कळ असतं आणि अंगावर कोरडी, खमंग कड तयार झालेली नसते. दाताला फक्त दाट, ओला, लवचिक गोळा लागतो. थोडं पुढे गेलात, आणखी पाणी निघालं आणि कडा तांबूस झाल्या की तीच फोड बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ लागते. म्हणजे रबर झालेलं मशरूम बहुधा जास्त शिजलेलं नसतं, ते अर्ध्या वाटेत उतरवलेलं असतं.

यात एक दिलासा आहे. कढईत पाणी साचलं तरी भाजी वाया गेलेली नसते. झाकण काढा, आच मोठी करा आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबा. उशिरा का होईना, तांबूस होतातच.

## कढई की तवा?

आपल्याकडे भाजी म्हटली की हात कढईकडे जातो. तिचा तळ गोल आणि लहान असतो, बाजू वर येतात. फोडणीला आणि तळणाला ते सोयीचं आहे. मशरूमला मात्र कढई गैरसोयीची, कारण सुटलेलं सगळं पाणी उतारावरून मधे जमतं आणि फोडीही घसरून त्यातच येतात.

पसरट बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा सगळ्यात उत्तम. तो नसेल तर सपाट तळाचं जाड पॅन घ्या. १० ते ११ इंचांच्या तव्यावर एक पाकीट एका थरात बसतं. एका थरात हे महत्त्वाचं. दोरीवर कपडे एकावर एक टाकले तर वरचे वाळतात आणि आतले कुबट राहतात, तसंच इथे होतं. फोडींच्या मधून तवा थोडाथोडा दिसला पाहिजे, म्हणजे वाफेला वाट मिळते.

नॉनस्टिक पॅन चालेल, पण ते रिकामं ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका. त्याचा थर खराब होतो. मशरूम घालूनच आच वाढवा.

## न भिजवता साफ कसं करायचं

टोपीवर आणि देठाशी जे काळे कण दिसतात ती मातीच असते. बटण मशरूम गव्हाच्या काडाच्या कंपोस्टवर वाढवतात आणि त्यावर मातीचा किंवा कुजलेल्या खताचा, काथ्याच्या भुशाचा एक ओला थर देतात. तो थर दिल्याशिवाय बटण उगवतच नाही. तोच देठाला चिकटून येतो. व्यावसायिक लागवडीत हा थर आधी वाफेने तापवून घेतात.

साफ करताना मशरूम अख्खीच ठेवा, चिरू नका. आधी देठाचं मातीचं टोक सुरीने पातळ कापून टाका. निम्मी माती तिथेच जाते. मग एक जुनं मऊ सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, इतकं की पाणी गळणार नाही. एका हातात मशरूम उलटं धरून टोपी फडक्यात फिरवत पुसा, जशी आपण सफरचंद पदराला पुसायचो तशी. टोपीखालच्या कडेला कण अडकले असतील तर कोरा मऊ टूथब्रश फिरवा. तो या कामासाठी वेगळाच ठेवा. एका पाकिटाला चार-पाच मिनिटं लागतात.

काही घरांत मशरूमला कणीक किंवा मैदा चोळून धुवायची पद्धत आहे. पिठाने माती निघते हे खरं, पण पीठ टोपीखालच्या पापुद्र्यांत बसतं आणि ओलं झालं की तिथे खळ होते. ती काढायला आणखी पाणी लागतं आणि उरलेली तव्यावर करपते. पुसण्याने जे काम होतं त्यासाठी हा खटाटोप नको.

## "पण न धुता खायचं? मन घेत नाही!"

माझ्या काकूंनी हेच म्हटलं आणि मला त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नाही. ज्या घरात कोथिंबीर चार पाण्यांतून काढतात तिथे नुसतं पुसून समाधान होणार नाही.

तर धुवा, पण कसं ते बघा. अख्खं मशरूम फार पाणी पीत नाही. वजनकाट्यावर ठेवून बघितलं तर नळाखाली पटकन धुवून पुसलेल्या पाकिटाचं वजन जेमतेम काही ग्रॅमनी वाढतं. आत आधीच १८० ग्रॅमहून जास्त पाणी असताना त्या चार-पाच ग्रॅमने काही बिघडत नाही. "मशरूमला पाण्याचा थेंब लागता कामा नये" हा नियम गरजेपेक्षा कडक आहे.

बिघडतं ते तीन गोष्टींनी. चिरून मग धुतलं तर कापलेल्या बाजूंनी आणि पापुद्र्यांमधून पाणी कितीतरी जास्त शिरतं. भांड्यात भिजत ठेवलं तर सुटलेली माती त्याच पाण्यात राहते आणि गढूळ पाणी टोपीखाली जाऊन बसतं. आणि धुवून तसंच ओलं तव्यावर टाकलं तर पहिली दोन मिनिटं तवा ते बाहेरचं पाणी उडवण्यातच थंड पडतो.

म्हणून देठ कापा, मशरूम चाळणीत घ्या, टोपी वर राहील असं धरून नळाच्या बारीक धारेखाली हाताने चोळत काही सेकंदांत उरका. लगेच पंचावर पसरा, दुसऱ्या पंचाने वरून टिपा आणि पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा. हात लावला तर टोपी कोरडी लागली पाहिजे, मगच चिरा. आणि हे सगळं भाजायच्या आधी लगेच करा. धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेली मशरूम दुसऱ्या दिवशी डागाळतात आणि बुळबुळीत होतात.

पाकीट आणल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले दिसले तर प्लास्टिक काढून मशरूम कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. टोपी जराशी सुकून तिच्यावर बारीक सुरकुती आली तर ती फेकू नका, भाजायला तीच जास्त चांगली, कारण थोडं पाणी आधीच गेलेलं असतं. बोटाला चिकट, बुळबुळीत लागली आणि आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या.

## एक पाकीट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पुढच्या रविवारी जाऊबाई माझ्याकडे आल्या आणि आम्ही दोघींनी एकच पाकीट भाजलं. ते कसं झालं ते सांगते.

पुसलेली मशरूम मोठी असतील तर चार तुकडे, लहान असतील तर दोन. काप करायचे तर पाव इंचापेक्षा पातळ नकोत. पातळ काप पाणी गेल्यावर पापडासारखे होतात आणि तव्यावर सापडत नाहीत. सपाट कापलेली बाजू असली की ती तव्याला पूर्ण टेकते आणि तिथेच सगळ्यात सुंदर रंग येतो.

बिडाचा तवा मोठ्या शेगडीवर मोठ्या आचेवर तापवला. पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्रकन उडाला. मग मशरूम पसरली, कापलेली बाजू खाली. तेल घातलं नाही. जाऊबाईंनी तेलाची बाटली हातात घेतलीच होती. "चिकटतील ना, वहिनी!"

थोडी चिकटतात आणि नंतर सुटतात. तेल आधी का नको, तर आत हवा भरलेली कच्ची फोड कापसासारखी तेल शोषते. दोन चमचे घातलेले तेल क्षणात नाहीसं होतं, तवा कोरडा दिसतो, मग आपण आणखी दोन घालतो. पाणी सुटून वीण बसली की मात्र फोड तेल पीत नाही, ते बाहेर अंगावरच राहतं आणि तिथेच ते कामाचं असतं.

पहिलं मिनिटभर काहीच झालं नाही. मग फसफस आवाज सुरू झाला, कडेने पाणी दिसू लागलं आणि भरपूर वाफ आली. तिसऱ्या मिनिटाला फोडी बऱ्याच आक्रसल्या होत्या आणि तव्यावर पाण्याचा पातळ थर होता. या क्षणी घाबरून आच कमी करायची नाही आणि झाकण ठेवायचं नाही. एकदाच उलथन्याने हलवलं.

सहाव्या मिनिटाच्या सुमाराला आवाज बदलला. इथे डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवा. पाणी आहे तोवर ओली, बुडबुड्यांची फसफस ऐकू येते. पाणी संपत आलं की ती थांबते आणि कोरडी, बारीक तडतड सुरू होते. वाफही विरळ होते. तव्यावर तपकिरी डाग दिसायला लागतात.

आता आच मध्यम केली आणि दोन छोटे चमचे तेल घातलं. आपल्या माळव्यात घरोघरी असतं ते सोयाबीनचं तेल चालतं, शेंगदाण्याचंही. मला साजूक तूप जास्त आवडतं. तुपात पाणी नसतं, त्यामुळे ते शांतपणे तापतं. लोण्यात किंवा बटरमध्ये पाणीही असतं आणि दुधाचा अंशही असतो, तो लवकर करपतो. बटर हवंच असेल तर गॅस बंद करताना घाला.

तेल घातल्यावर दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यात कठीण आहे, कारण भाजी सतत परतायची सवय असते. दर वेळी परतलं की तव्याला टेकून तापत आलेली बाजू वर येते आणि थंड बाजू खाली जाते, कोणतीच पूर्ण होत नाही. दोन मिनिटांनी एक फोड उलटून पाहिली, तर ती खालून पोळीच्या डागासारखी तांबूस झाली होती आणि वास भाजलेल्या दाण्यांकडे झुकलेला होता. सगळ्या उलटल्या, आणखी दोन मिनिटं ठेवल्या. मग मीठ, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, अर्धं मिनिट परतून गॅस बंद.

एकूण अकरा मिनिटं झाली. तव्यावरून काढून वजन केलं तर शंभर ग्रॅमच्या आतच भरलं. चार जणांना पोळीबरोबर भाजी करायची तर दोन पाकिटं लागतात आणि ती दोन खेपांनी भाजावी लागतात, हे त्या आकड्यावरून आधीच समजून घ्या.

## दोन खेपांना गॅस दुप्पट जळत नाही का?

जाऊबाईंनी हा प्रश्न लगेच विचारला. उत्तर असं की २०० ग्रॅम पाणी उडवायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, एका खेपेत घालवा की दोन. गर्दी केलेल्या कढईतही तांबूस रंग येईपर्यंत थांबलात तर जवळपास तेवढाच वेळ जातो. गर्दीत गॅस वाचल्यासारखा वाटतो कारण आपण काम पूर्ण न करताच उतरवतो.

घाई असेल आणि दोन शेगड्या मोकळ्या असतील तर दोन तवे ठेवा. मी पाहुणे असले की तसंच करते. लहान शेगडीवरच्या तव्याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात.

## मीठ आधी का नको?

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. मशरूमचंही तसंच. तेलात थेट भाजायचं असेल तर सुरुवातीचं मीठ अंगावर पाणी आणतं आणि तांबूस होणं लांबतं. वर सांगितलेल्या कोरड्या तव्याच्या पद्धतीत पहिल्या टप्प्याला पाणी बाहेर यावं हीच आपली इच्छा असते, त्यामुळे तिथे चिमूटभर मीठ आधी पडलं तर नुकसान नाही. तरी मी शेवटीच घालते, त्याचं कारण वेगळं आहे. वजन निम्मं होतं. कच्च्या ढिगाकडे बघून घातलेलं मीठ शेवटी खारट लागतं.

## साचलेलं पाणी ओतून दिलं तर?

बऱ्याच जणी हेच करतात. मशरूम पटकन तांबूस होतात हेही खरं आहे. पण त्या करड्या पाण्यात मशरूमची चव विरघळलेली असते. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, चव आणि क्षार तव्यावर आणि फोडींवरच राहतात. ओतून दिलं तर सगळंच जातं. फारच साचलं आणि वेळ नसेल तर ते वाटीत काढून ठेवा, फोडी भाजून झाल्यावर परत तव्यात घालून आटवा. तव्याला चिकटलेले तपकिरी डाग त्यात सुटतात आणि सगळं फोडींना लागतं. आमटीत किंवा भातात घातलं तरी चालतं.

## रस्सा करायचा असेल तर

मटार-मशरूमच्या रस्साभाजीत फोडी पुन्हा ओल्याच होणार, मग आधी भाजून काय उपयोग, असं वाटू शकतं. खुसखुशीत कड रश्श्यात टिकत नाही, हे मान्य. तांबूस होताना तयार झालेली चव मात्र पाण्याने जात नाही, ती रश्श्यातही उतरते. शिवाय कच्च्या फोडी थेट मसाल्यात टाकल्या तर त्यांचं पाणी रश्श्यात सुटतं आणि छान परतून तेल सुटलेला मसाला पुन्हा पांचट होतो. मग आपण तो आटवत बसतो. म्हणून मशरूम वेगळ्या तव्यावर भाजून ठेवा, कांदा-टोमॅटोचा मसाला कढईत पूर्ण होऊ द्या, मटार शिजू द्या आणि भाजलेल्या फोडी शेवटची तीन-चार मिनिटं घाला.

कोरडी खायची असतील तर तव्यावरून थेट ताटात. लिंबू पिळा आणि पोह्यांवर भुरभुरतो तो जीरावन चिमूटभर वरून टाका. वाढून त्यांच्यावर झाकण मात्र ठेवू नका, आतली वाफ परत फोडींवर बसते आणि पाचच मिनिटांत कडा मऊ पडतात. जाऊबाईंच्या मुलांनी त्या दिवशी तव्याशी उभं राहूनच अर्धं पाकीट संपवलं, पोळ्या नंतर झाल्या.